अभ्यासिकेतली आईची खुर्ची

त्या वर्षी अभ्यासिकेत खुर्ची मिळवणं हे माझं मुख्य काम होतं, अभ्यास त्याच्यानंतर. संध्याकाळी सात वाजता दुसऱ्या दिवसाचं बुकिंग उघडायचं आणि बडोद्याच्या सयाजीगंजातल्या हॉस्टेलांमधली सगळी पोरंपोरी एकदम मोबाइलवर तुटून पडायची. मी एका हाताने आमटीला फोडणी द्यायचे आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खुर्च्या शोधायचे. मोहरी करपली तर करपली. दोन तासांचा एक तुकडा, एका कार्डावर दिवसाला एकच तुकडा, आणि तो मिळाला की मला लॉटरी लागल्यासारखं वाटायचं. चाळिशीला टेकलेल्या बाईला एका प्लॅस्टिकच्या खुर्चीसाठी इतका आनंद व्हावा, याची लाजही वाटायची.

परीक्षा सरकारी भरतीची होती. वयाच्या अटीमुळे माझी ती शेवटची खेप होती. आधी मी एका खासगी कंपनीच्या ऑफिसात काम करत होते. बाबा गेल्यावर आईला एकटं ठेवणं कठीण होत गेलं, तशी ती नोकरी सोडली. आता घर चालत होतं ते आईला मिळणाऱ्या फॅमिली पेन्शनवर, म्हणजे आई आहे तोवर. पुढचा हिशेब मला येत होता, पण मी तो करायचे नाही. पास झाले तर माझं पुढचं आयुष्य उभं राहणार होतं, नाही झाले तर नाही, इतकं ते सरळ होतं.

घरी अभ्यास का नाही, असं लोक विचारायचे. दांडिया बाजारच्या आमच्या दोन खोल्यांत आई होती म्हणून. आई दर दहा मिनिटांनी विचारायची, "काय वाचतेस?" मी सांगायचे. ती मान डोलवायची, आणि पुन्हा दहा मिनिटांनी, "काय वाचतेस गं?" पहिल्या पाच वेळा मी नीट उत्तर द्यायचे. सहाव्या वेळी मी खेकसायचे. मग ती घाबरून गप्प बसायची, आणि ती गप्प बसली की मला मुळीच वाचता यायचं नाही.

एकदा ती झोपलेली असताना मी दार ओढून लायब्ररीत गेले. परत आले तेव्हा ती जिन्यात उभी होती, पायात एकच चप्पल. समोरच्या फ्लॅटमधल्या गुजराती बेन तिचा हात धरून होत्या. "बा तमने शोधता हता," त्या म्हणाल्या. मला शोधत होती म्हणे. मी हसून म्हटलं, झोपेतून उठलीय ना, म्हणून जरा गोंधळली. आमच्या आजोबांनी संस्थानच्या कचेरीत नोकरी केलेली, आई मराठी शाळेत शिक्षिका, आणि आमच्या घरात डोक्याचं काही बिघडलंय हे शेजाऱ्यांना कळावं? ते मी मरेपर्यंत कबूल केलं नसतं. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं होतं, पण मी ते कधी घरात उच्चारलं नव्हतं.

त्याच रात्री मला एक गोष्ट सुचली आणि मी स्वतःवर जाम खूश झाले. आई त्या लायब्ररीची फार जुनी सभासद होती. लग्न होऊन बडोद्याला आल्यावर तिने पहिल्यांदा काय केलं असेल तर ते सभासदत्व. पुढे तिथेच वरच्या मजल्यावर अभ्यासिका निघाली, नवीन कार्डं आली, तेव्हा जुन्या सभासदांनाही ती मिळाली. नव्या माणसाला आता अभ्यासिकेचं कार्ड हवं तर कॉलेजचा किंवा परीक्षेचा पुरावा लागतो. आईचं कार्ड मात्र जुन्या नियमाने चालू होतं. तिच्याकडे मोबाइल नाही, म्हणून मी ते माझ्याच नंबरावर, माझ्याच खात्यात जोडलं. एका खात्यात दोन कार्डं, दोन शेजारशेजारच्या खुर्च्या. दुपारी दोन ते चार, ती आणि मी.

आणि ते जमलं. इतकं छान जमलं की मी अजून कधी कधी त्याचीच आठवण काढून बसते. दारातल्या यंत्राला कार्ड टेकवलं की हिरवा दिवा लागायचा. आई स्वतःचं कार्ड स्वतः टेकवायची, मला हात लावू द्यायची नाही. आत गेल्यावर तिचा चेहराच बदलायचा. घरात जी बाई दर दहा मिनिटांनी तोच प्रश्न विचारायची ती तिथे दोन तास हूं की चूं करायची नाही. लायब्ररीत बोलायचं नसतं हे तिच्या अंगात मुरलेलं होतं, ते काही पुसलं गेलं नव्हतं. मी खालून तिच्यासाठी मराठी कादंबरी आणून द्यायचे. मी मान वर करून बघायचे तेव्हा चष्मा नाकावर आणि पान उघडं. मी मनात म्हणायचे, बघा, डॉक्टरांना काय कळतंय.

एकदा मागच्या टेबलावरच्या कोणा मुलाचा फोन वाजला तर आईने वळून त्याच्याकडे अशी नजर टाकली, की त्याने फोन बंद करून खिशात नाही, दप्तराच्या तळाशी कोंबला. मला हसू आवरेना. परत येताना रिक्षात मी तिला ते सांगितलं. तिला आठवत नव्हतं, पण तीही हसली. ते सहा-सात आठवडे मी जितका अभ्यास केला तितका त्याआधी वर्षभरात केला नव्हता.

आता नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच अडलं. वेळ सुरू झाल्यापासून पंधरा मिनिटांत कार्ड टेकवायचं. नाही टेकवलं तर खुर्ची सुटते, बाहेर ताटकळत असलेल्या कुणाला तरी मिळते, आणि तुमच्या नावावर एक गैरहजेरी पडते. यायचं नसेल तर एक तास आधी बुकिंग रद्द करायचं, मग काही नाही. महिन्यात तीन गैरहजेऱ्या झाल्या की खातं पंधरा दिवस बंद. हा नियम मला फार आवडायचा. आधी लोक खुर्च्या अडवून सिनेमाला जायचे आणि आम्ही पायऱ्यांवर पुस्तक मांडीवर घेऊन बसायचो. नियम आल्यावर मी म्हटलं होतं, बरी खोड मोडली.

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. त्या दिवशी आम्ही निघालो, आई साडी नेसलेली, पिशवी खांद्याला, आणि उंबऱ्यात ती थांबली.

"मी नाही येत."

"का गं?"

"आपण दोघी गेलो आणि ह्यांनी येऊन बघितलं तर? दाराला कुलूप बघून परत जातील ते."

बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती. मी आधी समजावलं. मग दुसरं काहीतरी बोलून तिचं लक्ष वळवायला गेले. मग ओरडले. माझा आवाज जिन्यात घुमला आणि समोरचं दार किंचित उघडून बंद झालं. एक तास आधी रद्द करायला सांगणाऱ्याला माझ्या आईचा स्वभाव ठाऊक नव्हता. ती एक तास आधी छान तयार असायची, केसांत फणी फिरवून. तिचं जे काही व्हायचं ते उंबऱ्यात व्हायचं. सव्वादोनला मोबाइल वाजला आणि खुर्च्या गेल्याचा निरोप आला.

तीन दिवसांनी तर आम्ही लायब्ररीच्या फाटकापर्यंत पोचलो होतो. रिक्षा थांबली आणि आईने पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरला. उतरायलाच तयार नाही. इथे कशाला आणलंस, हे कोणाचं घर आहे, असं म्हणायला लागली. मी तिची बोटं सोडवायला गेले तर ती रडू लागली. रिक्षावाला बिचारा हळूच म्हणाला, "बेन, उतरवुं छे के पाछा जवुं छे?" फाटकातून मला अभ्यासिकेकडे चढणारा जिना दिसत होता. दोन्ही कार्डं माझ्या पर्समध्ये होती. पण तिला तिथे त्या अवस्थेत टाकून मी आत कशी जाणार? आणि गेले असते तरी दोन तास बसणार कोण? मी म्हटलं, पाछा, घरी. परत येताना मोबाइल वाजला. ह्या वेळी निरोप लांब होता. आमचं खातं पंधरा दिवसांसाठी बंद झालं होतं.

मला आधी कळेना. तिसरी गैरहजेरी कुठून आली? गेलो नाही ते दोनदाच.

दुसऱ्या दिवशी मी भांडायचंच ठरवून निघाले. आणि नेमकी त्या दिवशी आई एका शब्दात तयार झाली. उंबरा काय, रिक्षा काय, कुठे काही नाही. यंत्राला तिने स्वतःचं कार्ड टेकवलं. लाल दिवा लागला. तिने पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल. तिने माझ्याकडे बघितलं, शाळेत चुकून दुसऱ्याच वर्गात शिरलेल्या मुलीसारखं. मी तिचा हात धरून तिला खाली काउंटरवर आणलं, तिथल्या बाकावर बसवलं आणि कारकुनाकडे वळले.

हा कारकून तिशीचा गुजराती मुलगा होता, शांत. माझ्यासारख्या दहा जणी रोज ऐकत असणार. मी तोफखाना सुरू केला. आम्ही फाटकापर्यंत आलो होतो, माझी परीक्षा तोंडावर आली आहे, आणि दोनच दिवस चुकले तर तीन गैरहजेऱ्या कशा लावल्या? त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवला.

"त्रण नथी बेन, चार छे," तो म्हणाला. मग मी मराठी म्हणून हिंदीवर आला. "खाता एक है, कार्ड दो हैं. आप दोनों नहीं आए, तो एक दिन की दो गैरहाजिरी. दो दिन की चार."

मीच मोठ्या हुशारीने आईचं कार्ड माझ्या खात्यात जोडलं होतं. ती आली नाही की मीही येऊ शकत नव्हते, आणि यंत्र आम्हा दोघींची गैरहजेरी एकाच ठिकाणी मोजत होतं. आमच्या घरात जे चाललं होतं तेच त्यात दिसत होतं म्हणा, पण त्या वेळी मला तसलं काही सुचलं नाही. मला फक्त राग आला होता.

मी म्हटलं, आईची तब्येत बरी नसते, साहेबांना भेटू द्या. तो म्हणाला, साहेबांनी सवलत देणं बंदच केलंय. पूर्वी द्यायचे, तर प्रत्येक जण कुणी ना कुणी आजारी आणायला लागला. मग त्याने आईकडे बघून सहज विचारलं, "शुं थयुं छे बाने?"

आई चार हातांवर बसली होती. तिचे कान माझ्याहून तिखट. मी म्हटलं, "असंच. वय झालं." तो माझ्याकडे बघत राहिला. मग आवाज खाली आणून त्याने एक वाट सांगितली. बंद खात्यातलं कार्ड दुसऱ्या नंबरावर हलवता येत नाही. पण रद्द करता येतं. कार्ड रद्द झालं की त्याच्या गैरहजेऱ्याही खात्यातून निघतात. राहतात माझ्या एकटीच्या दोन. दोन म्हणजे तीनच्या आत, खातं आजच्या आज चालू. फक्त ज्याचं कार्ड त्याने स्वतः इथे सांगायला हवं, सही करायला हवी. आणि एकदा रद्द झालं की बांना अभ्यासिकेचं कार्ड परत मिळणार नाही, कारण नवा नियम त्यांना लागू होईल.

खरं सांगते, एक क्षणभर मी हिशेब केला. तीन आठवड्यांतले पंधरा दिवस. लायब्ररीतल्या खालच्या हॉलमध्ये स्वतःची पुस्तकं नेऊ देत नाहीत, आणि घरी काय चालतं ते मी सांगितलंच आहे. तरी मी नको म्हटलं. तिच्याजवळ आता स्वतःचं म्हणावं असं फार काही उरलं नव्हतं. ते कार्ड ती स्वतः टेकवायची.

"नको," मी म्हटलं. "पंधरा दिवस थांबेन. करीन घरी काहीतरी."

माझ्या मागे बाकाचा आवाज झाला. आई उठून काउंटरपाशी आली. पदर सारखा केला. त्या मुलाला ती तिच्या नेहमीच्या स्वच्छ गुजरातीत म्हणाली, "भाई, मारुं कार्ड बंध करी दो. छोकरीनुं चालु राखो."

"आई, तू बस."

"बा, तमे पोते कहो छो ने?" त्याने विचारलं.

"हा भाई. हुं पोते कहुं छुं." मी स्वतःच सांगतेय, म्हणे.

मी तिचा दंड धरला. म्हटलं, "अगं, असं केलंस तर तुला पुन्हा येता येणार नाही इथे. तुझं वाचन बंद होईल. काही कळतंय का तुला?"

ती माझ्याकडे वळली. कित्येक महिन्यांत तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. मी आजारी पडले की शाळेत रजा टाकायची ठरवताना बघायची, तसं.

"मी कुठे वाचते?" ती म्हणाली. "अक्षरं दिसतात गं. ओळीच्या शेवटाला येते तोवर सुरुवात निघून गेलेली असते. मग पुन्हा सुरुवात. तू वर बघायचीस ना मधून मधून, म्हणून मी पुस्तक धरून बसायचे. तुला बरं वाटायचं."

काउंटरमागचा मुलगा उगाच किबोर्डकडे बघत होता. ते दोन-दोन तास ती एकाच ओळीवर होती, आणि ते मला कळू नये म्हणून धडपडत होती. मी तिला सांभाळते आहे असं मी समजत होते. मला इतकं रडू आलं, की मी तोंड फिरवून पाण्याच्या नळाकडे गेले.

परत आले तेव्हा तिची सही झाली होती. पूर्ण नाव, प्रत्येक अक्षराला डोकं आणि पाय, शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर करायची तशी. मुलाने तिचं कार्ड घेतलं, कात्रीने कोपरा कापला आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. माझ्या मोबाइलवर निरोप आला, खातं चालू झालं. मी त्याचे आभार मानले नाहीत. आईने मानले.

रिक्षात ती बाहेर बघत होती. स्टेशनकडे वळणाऱ्या बसगाड्या, चहाच्या हातगाड्या. मी तिचा हात हातात घेऊन ठेवला होता. तिने विचारलं, "तुझी परीक्षा आहे ना?" मी हो म्हटलं. "मग अभ्यास कर," ती म्हणाली. घरी पोचेपर्यंत ती पुन्हा कुठेतरी निघून गेली होती. जिना चढताना तिने विचारलं, हे कोणाचं घर.

त्या संध्याकाळी मी समोरचं दार वाजवलं. बेनना सांगितलं, आईला विसरायचा आजार झालाय. त्या आजाराचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने घेतलं. दुपारी दोन-अडीच तास तुम्ही आमच्याकडे बसाल का, असं विचारलं. मला वाटलं होतं, ऐकून त्यांना धक्का बसेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अमने तो खबर ज छे ने, बेन. तमे कहो एनी राह जोता हता." सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. मी सांगेन म्हणून वाट बघत होते ते.

दुसऱ्या दिवशी दोनला मी एकटीने कार्ड टेकवलं. हिरवा दिवा लागला. आईची खुर्ची कुणीतरी आदल्या संध्याकाळी बुक केलेली होती, एक मुलगी तिथे बसून भराभर गणितं सोडवत होती. तिचा काही दोष नव्हता, तरी मला तिचा राग आला. मग मी पुस्तक उघडलं. आईने मला दिलेले ते दिवस वाया घालवायचा मला हक्क नव्हता. मी रोज गेले. परीक्षा दिली. निकाल अजून लागायचाय.

पण मला तो पहिला दिवस आठवतो. चार वाजता सुटून मी घरी आले. बेन पलंगाशी बसून मटार सोलत होत्या, आई त्यांना एक एक शेंग देत होती. बेन गेल्यावर मी पिशवी खांद्यालाच ठेवून चहा टाकला. आई आतल्या खोलीच्या दाराशी आली, माझ्या खांद्यावरची पिशवी चाचपून बघितली.

"कुठे गेली होतीस?"

"लायब्ररीत."

तिचे डोळे लकाकले. ती माझ्या अगदी जवळ आली आणि जरा लाजल्यासारखी म्हणाली, "मला पण ने ना गं एकदा. माझं कार्ड आहे तिथलं."